पार्ट-टाइम पीएचडीचं एसओपी: 'मी मॅनेज करेन' च्या जागी काय लिहायचं

चाळिशीच्या आसपास नोकरी करत करत पार्ट-टाइम पीएचडीला अर्ज करणाऱ्यांचे बरेच एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे स्टेटमेंट ऑफ पर्पज, गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे वाचायला आले, बहुतेक आमच्याच चाकण-भोसरी पट्ट्यातले इंजिनिअर लोक, आणि जवळपास सगळ्यांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. विषय छान मांडलेला असतो, अनुभव दणदणीत असतो, आणि मग शेवटी येतं ते वाक्य, 'माझ्या कुटुंबाचा व कंपनीचा मला पूर्ण पाठिंबा असून मी काम, घर आणि अभ्यास यांचा योग्य समतोल राखेन.' बास. मी पण पहिल्या वेळी हेच लिहिलं होतं आणि इंटरव्ह्यूला माझी जी काही तासली गेली त्यावरूनच हा लेख लिहितोय.

माझं आधी सांगतो म्हणजे पुढचं उदाहरण कळेल. मी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे, 16 वर्षं झाली. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे लीक टेस्टचं रिजेक्शन वाढतं, हवेतल्या ओलाव्यामुळे वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन जास्त जातो आणि कास्टिंग थंड होताना तो बारीक बारीक भोकं करून बसतो. पण सगळी भोकं हायड्रोजनची नसतात, काही धातू आक्रसल्यामुळे होतात, काही डायमध्ये अडकलेल्या हवेची असतात, आणि शॉप फ्लोअरवर सगळ्यांना मिळून 'पोरॉसिटी' म्हणून एकाच बिनमध्ये टाकतात. ही तीन वेगळी कशी काढायची, तेही लाइन चालू असताना, हा माझा विषय. घरी बायको बँकेत, मुलगा आठवीत, आई आमच्याकडेच, तिला डायबेटिस आणि गुडघ्यांचा त्रास. निगडीला राहतो, कंपनीची बस आहे.

तर आता मुद्द्यावर.

आधी नियम काय म्हणतो ते बघा, कारण तुमचा परिच्छेद त्याच सांगाड्यावर उभा करायचाय

यूजीसीचे पीएचडीचे 2022 चे नियम पार्ट-टाइमला परवानगी देतात, पण नोकरीवाल्याकडून मालकाची एनओसी मागतात आणि त्या एनओसीत तीन गोष्टी असायला लागतात. एक, या माणसाला पार्ट-टाइम शिकायला परवानगी आहे. दोन, त्याच्या कामातून त्याला संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो. तीन, गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करायला त्याला कामातून मोकळं केलं जाईल. हे तीन मुद्दे नीट वाचलेत तर लक्षात येईल की समोरच्या कमिटीला नेमकी कसली धास्ती आहे. तुम्ही हुशार आहात की नाही हे त्यांना परीक्षेतून कळतंच, त्यांना भीती असते ती तुम्ही दुसऱ्या सेमिस्टरला गायब व्हाल याची. गाईडकडे विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्या असतात, एक पार्ट-टाइमवाला नुसता नाव लावून बसला की ती जागा वर्षानुवर्षं अडकते.

मुदतीचंही लक्षात ठेवा. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यानंतर री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन. बायकांना आणि 40 टक्क्यांच्या वर अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर अजून दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय बायकांना पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा मुलांच्या संगोपनाची रजा घेता येते. ही सवलत लागू असेल आणि घेण्याची शक्यता असेल तर ती प्लॅनमध्ये सरळ दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, नियमातच आहे.

आणि दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीसमोर उभं राहून प्रगती सांगावी लागते. म्हणजे तुम्ही एसओपीत जे लिहाल त्याचा हिशोब सहा-सहा महिन्यांनी द्यायचाय, नुसतं ॲडमिशनपुरतं लिहून चालत नाही.

पहिलं काम: दोन आठवडे वही ठेवा

एसओपी लिहायला बसायच्या आधी हे करा, लिहून झाल्यावर नाही. साधी वही घ्या, दिवसाचे तास कुठे गेले ते रात्री झोपताना लिहायचं. अंदाजाने लिहायचं नाही, कारण अंदाज नेहमी आपल्या बाजूने असतो. मला वाटत होतं माझ्याकडे आठवड्याला आरामात 20 तास आहेत.

आठवड्याचे तास 168. कंपनीत जनरल शिफ्ट, साडेआठ ते पाच, सहा दिवस म्हणजे 51. बसचा प्रवास रोज दोन तास धरला तर 12. झोप सात तासांनी 49, यात काटछाट करायची नाही, मी करून बघितली आणि तिसऱ्या आठवड्यात रिपोर्टवर चुकीचा बॅच नंबर टाकून मोकळा झालो. उरले 56. त्यातून जेवणं, अंघोळी, किराणा, आईला दवाखान्यात नेणं, पोराचं गणित, सोसायटीची मीटिंग, लग्न-मुंजी, असं करून वहीत 35 निघाले. राहिले 21. म्हणजे अंदाज बरोबरच होता की!

नव्हता. कारण त्या 21 तासांत बसची वाट बघताना गेलेली वीस मिनिटं होती, जेवण आणि बातम्यांच्या मधला अर्धा तास होता, रात्री दहा वाजता डोळे मिटत असतानाचा पाऊण तास होता. त्यात मोबाइलवर मेल बघता येतो, पेपर वाचून समजून घेता येत नाही. म्हणून दुसरी गाळणी लावा: सलग दीड तास किंवा त्याहून जास्त मिळतो तेवढेच तास मोजा. माझे निघाले 11. आठवड्यातले चार दिवस पहाटे पाच ते साडेसहा, म्हणजे सहा तास, आणि गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ ते दोन, म्हणजे पाच. गुरुवार का तर आमच्या इंडस्ट्रियल एरियाची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं आणि माझी पहिली फजिती इथेच झाली, ते पुढे सांगतो.

एसओपीत हा 11 चा आकडा गेला पाहिजे, 21 चा नाही. कमी दिसतो म्हणून घाबरू नका. 11 लिहून ते कुठल्या दिवशी कुठल्या वेळी आहेत हे दाखवणाऱ्यावर विश्वास बसतो, 25 लिहिणाऱ्याला विचारतात, 'मग झोपता कधी?'

दुसरं काम: समोरची गरज मोजा

आपले तास मोजले, आता अभ्यासाला किती लागणार ते काढा. हे कोणीच करत नाही आणि सगळी गंमत इथेच आहे.

कोर्सवर्क कमीत कमी 12 क्रेडिटचं असतं, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचे 2 क्रेडिट आलेच. एका थिअरी क्रेडिटला साधारण 15 तास वर्ग धरला तर 12 ला 180 तास. एका सेमिस्टरला 15 आठवडे म्हटलं तर आठवड्याला 12 तास नुसते वर्गात. माझ्याकडे आहेत 11, आणि त्यातले सहा पहाटेचे, पहाटे पाचला कोण शिकवणार? म्हणजे एका सेमिस्टरमध्ये कोर्सवर्क माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं, हे कागदावर उघड होतं, तरी पहिल्या एसओपीत मी लिहिलं होतं 'पहिल्या सेमिस्टरमध्ये कोर्सवर्क पूर्ण करेन'.

तेच दोन सेमिस्टरमध्ये विभागलं तर 30 आठवडे, आठवड्याला सहा तास, म्हणजे एक पूर्ण दिवस. हे जमण्यासारखं आहे. सगळीकडे असं विभागू देतात असं नाही, म्हणून जिथे अर्ज करताय तिथल्या विभागात आधी फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन विचारा की पार्ट-टाइमवाल्यांचे वर्ग कुठल्या वारी असतात आणि कोर्सवर्क दोन सेमिस्टरमध्ये चालतं का. मी विचारलं तिथे शनिवार म्हणाले, दहा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी.

आता लक्षात आलं ना? वर्ग शनिवारी आणि माझी सुट्टी गुरुवारी. शनिवारी आमचा प्लांट पूर्ण जोरात चालू.

पहिल्या वेळी काय झालं

माझ्या एसओपीत लिहिलं होतं की शनिवारच्या वर्गांना नियमित हजर राहीन. एचआरने दिलेल्या एनओसीत लिहिलं होतं की 'कार्यालयीन वेळेव्यतिरिक्त उच्च शिक्षण घेण्यास हरकत नाही'. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकामागे एक. कमिटीतल्या बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, शनिवार तुमच्याकडे कामाचा दिवस आहे का? मी हो म्हणालो. मग येणार कसे? मी म्हणालो, मॅनेज करेन मॅडम. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मला तेव्हाच कळलं.

चूक एचआरची नव्हती, त्यांचा तो ठरलेला फॉरमॅट आहे, कोणी एमबीए करो की पीएचडी, तोच प्रिंट निघतो. चूक माझी की मी एनओसी हातात आल्यावर वाचली पण एसओपीसोबत ताडून बघितली नाही. तर हा नियम धरून चाला: एसओपीतलं वेळेबद्दलचं प्रत्येक वाक्य एनओसीतल्या कुठल्या तरी ओळीवर टेकलेलं पाहिजे. टेकत नसेल तर एकतर वाक्य बदला नाहीतर एनओसी बदलून घ्या.

तिसरं काम: साहेबाशी बोलणं, एचआरच्या आधी

एनओसी सही एचआर करतं पण तुमचा शनिवार तुमच्या साहेबाच्या हातात असतो. त्याच्याकडे 'सर शिकायचंय, सुट्टी द्या' म्हणून जाऊ नका, त्याच्या डोक्यात लगेच येतं की शनिवारी कस्टमरची तक्रार आली तर कोण धावणार. त्याला काय मिळणार ते घेऊन जा.

माझं असं होतं की गुरुवारी प्लांट बंद असला तरी मेंटेनन्सवाले असतात, भट्टी साफ होते, डाय खोलतात, आणि क्वालिटीची गेज कॅलिब्रेशनची आणि कागदपत्रांची कामं एरवी लाइन चालू असताना कायम मागे पडतात. ऑडिट आलं की मग रात्री जागून फायली लावायच्या. मी म्हणालो, सर, 30 आठवडे मला गुरुवारऐवजी शनिवारी सुट्टी द्या, गुरुवारी मी येतो, कॅलिब्रेशन आणि फायली माझ्याकडे, ऑडिटला एकही गेज मुदत संपलेलं सापडणार नाही. शनिवारी लाइनवर माझ्या जागी कोण असेल त्या ज्युनिअरचं नाव पण सांगितलं, त्याला आधी विचारून. साहेब दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले मेल टाक, मी फॉरवर्ड करतो.

तो मेल टाकताना एनओसीत काय काय हवं ते मी मुद्द्यांनी लिहून दिलं, त्यामुळे एचआरला विचार करावा लागला नाही, उचलून लेटरहेडवर टाकलं. यूजीसीचे ते तीन मुद्दे, शनिवारच्या बदली सुट्टीचा कालावधी महिना-वर्षासकट, आणि पाचवी एक गोष्ट जी इंडस्ट्रीवाले हमखास विसरतात: कंपनीचा रिजेक्शन डेटा संशोधनासाठी वापरायची परवानगी, पार्ट नंबर आणि कस्टमरचं नाव झाकून. हे लेखी नसेल तर तिसऱ्या वर्षी पेपर छापायची वेळ आली की कोणीतरी म्हणतं हा डेटा कॉन्फिडेन्शिअल आहे, आणि सगळं मुसळ केरात. डेटाची परवानगी एसओपीच्या 'समतोल'च्या भागात पण येते बरं का, कारण माझे प्रयोग कामाच्या जागीच होणार असतील तर माझा वेळ वाचतो, आणि तो कसा वाचतो हे एका वाक्यात सांगता येतं.

नोकरी बदलायचा विचार असेल तर आत्ताच बदला, अर्जाच्या आधी. नंतर बदललीत तर नव्या मालकाकडून सगळं पहिल्यापासून.

चौथं काम: घरच्यांना विचारणं, आणि खरंच विचारणं

इथे बायका आणि पुरुष दोन उलट्या चुका करतात असं माझं मत आहे. पुरुष 'पत्नीचा पाठिंबा आहे' एवढ्यावर भागवतात, जणू पाठिंबा म्हणजे बँकेतली एफडी. आणि बायका दीड पान घरावर लिहितात, सासूबाईंचं पथ्य, मुलीची शाळा, आणि शेवटी माफी मागितल्यासारखं 'तरीही मी माझ्या जबाबदाऱ्यांत कसूर करणार नाही'. कमिटीला तुम्ही चांगली सून आहात का हे ठरवायचं नाहीये, तुम्ही शनिवारी दहा वाजता वर्गात असाल का हे ठरवायचंय. दोघांनीही लिहायचं एवढंच: माझ्या गैरहजेरीत कुठलं काम कोण, कधी करणार.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी माझा ड्राफ्ट बायकोला दाखवला. त्यात होतं, 'शनिवारी मुलाचा अभ्यास व आईची देखभाल पत्नी करेल.' तिने वाचलं आणि म्हणाली, 'हे मला कधी विचारलंस? आणि कुठला शनिवार? मला दुसरा आणि चौथाच सुट्टी असते.' सतरा वर्षं झाली लग्नाला, मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण लिहिताना डोक्यातच आलं नाही. म्हणजे महिन्यातले निदान दोन शनिवार घरी आई एकटी आणि पोरगा शाळेतून साडेअकराला परत. त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरात बसून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेनाने खुणा केल्या. दुसरा-चौथा तिचा. पहिला, तिसरा आणि असेल तेव्हा पाचवा शनिवार माझी बहीण, ती चिंचवडला राहते, तिला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली येईन पण माझ्या मुलाला पण घेऊन येणार, आणि दुपारचं जेवण तुम्ही करून ठेवायचं. झालं, ठरलं, शुक्रवारी रात्री भाजी मी करून ठेवतो. आईच्या तपासणीची वेळ शनिवारवरून गुरुवारी संध्याकाळी घेतली, पाचला सुटलो की थेट.

आणि एक अट बायकोने घातली, मार्चमध्ये माझ्याकडून काही अपेक्षा ठेवायची नाही, बँकेचं इयर एंडिंग असतं. ही अट मी एसओपीत लिहिली. कसं ते खाली बघा.

पाचवं काम: वर्षाचं कॅलेंडर, आणि शून्याचे आठवडे

आठवड्याचं टाइमटेबल सगळे देतात, पण वर्षात सगळे आठवडे सारखे नसतात. जे आठवडे शंभर टक्के वाया जाणार आहेत ते आधीच शून्य धरा. माझे: मार्चचे शेवटचे दोन आठवडे, वार्षिक ऑडिटचा एक आठवडा, गणपतीचे पाच दिवस गावाला, दिवाळीचा आठवडा. मिळून पाच आठवडे. 52 मधून 47 उरले, 11 ने गुणलं तर वर्षाला 517 तास. हा आकडा गाईडला फार आवडला, कारण त्याला त्यावरून ठरवता आलं की वर्षाला किती प्रयोग झेपतील.

आणि मग पाच वर्षांचं. तीन वर्षांत पूर्ण करेन असं लिहू नका, नोकरी करणाऱ्याने तसं लिहिलं की अनुभवी माणूस हसतो. मी पाच लिहिली. मुलगा तिसऱ्या वर्षी दहावीत असणार होता, म्हणून त्या वर्षीच्या डिसेंबर ते मार्चमध्ये फक्त आधीच गोळा केलेल्या डेटाचं विश्लेषण ठेवलं, नवीन प्रयोग नाहीत. शिवाय विषयाचीही सोय बघा, माझे मुख्य प्रयोग पावसाळ्यातच व्हायला हवेत, जून ते सप्टेंबर, म्हणजे दहावीची फेब्रुवारी-मार्चची परीक्षा त्याच्या आड येत नाही. असं काही जुळत असेल तर आवर्जून लिहा, नसेल जुळत तर ओढूनताणून जुळवू नका.

आता परिच्छेद

एसओपी एकूण दोन पानं धरा, त्यात हा भाग दोनशे शब्दांच्या आसपास, शेवटून दुसरा. सुरुवात याने करायची नाही, सुरुवात विषयाने. माझा दुसऱ्या वेळचा परिच्छेद साधारण असा होता, अर्ज इंग्रजीत होता पण मी आधी मराठीत लिहून काढला आणि तुम्हीही तसंच करा, कारण इंग्रजीत लिहिताना आपण नको तिथे भारदस्त होतो आणि खोटं सहज खपून जातं:

> 'मी चाकण येथील कारखान्यात सकाळी 8:30 ते 5 या जनरल शिफ्टमध्ये काम करतो. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पार्ट-टाइम कोर्सवर्कचे वर्ग शनिवारी असल्याने कंपनीने दोन सेमिस्टरच्या कालावधीसाठी माझी सुट्टी गुरुवारऐवजी शनिवारी केली आहे (एनओसी, मुद्दा 4). या काळात वर्गाव्यतिरिक्त आठवड्यातले चार दिवस पहाटे 5 ते 6:30 असे सहा तास स्वअभ्यासासाठी आहेत. कोर्सवर्कनंतर गुरुवारची सुट्टी पूर्ववत होईल आणि संशोधनासाठी आठवड्याला 11 तास मिळतील. प्रयोग माझ्याच कारखान्यातील मशीनवर होणार असल्याने त्यासाठी वेगळा प्रवास नाही. डेटा वापरण्याची परवानगी एनओसीत आहे.
>
> घरी पत्नी बँकेत नोकरी करते, मुलगा आठवीत आहे आणि माझी आई आमच्यासोबत राहते. वर्गाच्या शनिवारी दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात पत्नी आणि इतर आठवड्यांत माझी बहीण घरी असेल. दोघींशी बोलून हे ठरवले आहे. मार्चअखेर, वार्षिक ऑडिट, गणपती आणि दिवाळी मिळून वर्षातले पाच आठवडे मी अभ्यासासाठी धरलेले नाहीत. तिसऱ्या वर्षी मुलाच्या दहावीच्या परीक्षेच्या काळात फक्त विश्लेषणाचे काम ठेवले आहे. त्यामुळे पूर्ण कामासाठी मी पाच वर्षांचा कालावधी धरला आहे. या कालावधीत अभ्यासासाठी मी कंपनीतील प्रशिक्षण समन्वयकाची जादा जबाबदारी सोडली आहे.'

शेवटचं वाक्य बघा. 11 तास कुठून आले हे विचारलं तर काहीतरी सोडलेलं दिसायला हवं. तुम्ही रविवारच्या ट्यूशन सोडल्या असतील, सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं असेल, तेच लिहा. काहीच सोडलं नसेल तर तास आकाशातून पडलेत असं वाटतं.

काय लिहिलं नाही ते पण बघा. आईचा आजार नाही लिहिला, कारण तो तिचा खाजगी विषय आणि त्याने वेळेच्या हिशोबात फरक पडत नाही. फी कशी भरणार ते नाही, विचारलं तरच सांगायचं. 'मेहनती', 'जिद्दी', 'वेळेचं काटेकोर नियोजन करणारा' यातलं काही नाही. 'दोघींशी बोलून हे ठरवले आहे' हे पाच शब्द मात्र मुद्दाम ठेवले, आणि ते खरे होते म्हणूनच ठेवता आले.

तुमचा परिच्छेद झाला की त्यातल्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने लिहा: कोण, कुठल्या वारी, कुठल्या कागदावर. तिन्हीपैकी एकही उत्तर नसलेलं वाक्य खोडा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमधलं एक पण वाक्य यातून वाचलं नसतं.

शिफ्टमध्ये असाल, म्हणजे फर्स्ट-सेकंड-नाइट फिरत असाल, तर एक टाइमटेबल देऊन भागत नाही, तीन द्यावी लागतात, आणि नाइटच्या आठवड्यात अभ्यास शून्य धरलेलाच बरा. किंवा साहेबाकडून त्या दोन सेमिस्टरसाठी जनरल शिफ्ट लिहून घ्या. हॉस्पिटलमधल्या नर्स, पोलीस, रेल्वेवाले यांनाही हेच. मास्तर लोकांचं उलटं, त्यांना मे महिना मिळतो, पण निवडणुकीची ड्युटी आणि पेपर तपासणी ते विसरून जातात.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला त्याच बाई होत्या. माझा विषय त्यांनी दहा मिनिटं विचारला, हायड्रोजनची भोकं गोल का असतात आणि आक्रसण्याची वेडीवाकडी का, वगैरे. शेवटी एसओपी उलटा करून विचारलं, बहिणीला पाचवा शनिवार माहीत आहे का? म्हटलं हो मॅडम, तिच्या मुलालाही माहीत आहे, त्याला त्या दिवशी अंडाकरी लागते.